परिपत्रकाचं पत्र : कामाच्या वेळेच्या एका ईमेलच्या नोंदी

१२ जून २०२४, बुधवार

साहेबांनी दुपारी एक कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे सगळ्यांना ईमेलने पाठवायचंय. जरा माणसासारखं लिहून दे." कागदावर हे होतं :

> विषय : कार्यालयीन कामकाजाच्या वेळेतील बदलाबाबत.
>
> उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार व ग्राहकसेवेच्या दृष्टीने दि. ०१/०७/२०२४ पासून कार्यालयीन कामकाजाची वेळ सकाळी ८.३० ते सायंकाळी ५.०० अशी निश्चित करण्यात आली आहे. सर्व कर्मचाऱ्यांनी सदर वेळेचे काटेकोरपणे पालन करावे. विलंबाने येणाऱ्यांवर नियमानुसार कारवाई करण्यात येईल. याची सर्वांनी नोंद घ्यावी.

साहेब बोलतात तेव्हा असं अजिबात बोलत नाहीत. हा मजकूर कुठल्या तरी जुन्या परिपत्रकावरून उचलून तारीख आणि वेळ बदललेली दिसते. सध्या आमची वेळ साडेनऊ ते सहा आहे. ऑफिस हडपसरच्या बाजूला, खाली गोदाम, वर आम्ही. मिळून चाळीस-एक माणसं. यंत्रांचे सुटे भाग कारखान्यांना पुरवणं हे काम.

जेवताना हा मजकूर टेबलावर वाचून दाखवला. कुणी "सदर" किंवा "उपरोक्त"ला हसलं नाही, त्याची सवय आहे. मला वाटलं होतं भाषेवर बोलतील, पण सगळे वेळेवरच बोलले. शनिवारचं काय? जेवण कधी? नऊला आलो तर अर्धा दिवस कापणार का? आणि एकाने विचारलं, "पण का?" त्यावर बाकीचे हसले. परिपत्रकाला कारण विचारायचं नसतं, असं आपल्याकडे सगळ्यांनी धरलेलंच असतं.

प्रश्न वहीत टिपले. उद्या लिहायला घेते.

१३ जून, गुरुवार

पहिला मसुदा अर्ध्या तासात झाला. सुरुवात अशी होती :

> नमस्कार मंडळी! 😊 एक छान बातमी! पावसाळ्याबरोबर आपल्या ऑफिसातही नवे वारे वाहताहेत. १ जुलैपासून आपण सगळे सकाळी थोडं लवकर भेटूया आणि संध्याकाळी घरी लवकर जाऊया!

लेखा विभागातल्या ताईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाल्या, "छान कुणासाठी? माझ्या मुलीची शाळेची बस आठ-वीसला येते. तिला बसमध्ये बसवून मी साडेआठला इथे कशी उगवू? आणि तू मला वर हसरा चेहरा पाठवतेस."

त्यांचं बरोबर होतं. परिपत्रक निदान खोटं तरी बोलत नव्हतं. एखाद्याचं सकाळचं वेळापत्रक मोडताना "छान बातमी" म्हणणं हा परिपत्रकाहून मोठा उद्धटपणा आहे, फक्त तो गोड आवाजात केलेला. सहकारी असा बोलत नाही. ज्याला आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं तो असा बोलतो.

मसुदा पुसला. "मंडळी" हा शब्दही. तो कार्यक्रमाच्या निवेदकाचा आहे.

१४ जून, शुक्रवार

आज वेगळी वाट धरली. परिपत्रकातली क्रियापदं एकेक करून खाली लिहिली : *सूचित करण्यात येते. निश्चित करण्यात आली आहे. पालन करावे. कारवाई करण्यात येईल. नोंद घ्यावी.* पाच क्रियापदं आणि त्यातल्या तिघांना कर्ताच नाही. कुणी सूचित केलं, कुणी ठरवलं, कारवाई कोण करणार, काहीच कळत नाही. उरलेल्या दोघांना कर्ता आहे, तो म्हणजे आपण वाचणारे. करणारे अदृश्य आणि सोसणारे तेवढे नावानिशी, अशी ही रचना.

मग नियम केला : प्रत्येक "करण्यात येते"च्या जागी माणूस बसवायचा. हे करायला गेले आणि अडकले.

"वेळ निश्चित करण्यात आली आहे" याचं "वेळ ... यांनी ठरवली" असं करायचं, तर कुणी? मला वाटत होतं साहेबांनी. पण गोदामाचे काका म्हणाले, मागणी त्यांची होती. कारण काय ते मी त्यांनाच विचारलं आणि त्यांनी पाच मिनिटांत उलगडून सांगितलं. कारखान्यांची पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते. यंत्र अडलं की सुट्या भागासाठी त्यांचा फोन आठच्या सुमारास येतो. इथे फोन साडेनऊला उचलला जातो. मग ऑर्डर तपासायची, बिल करायचं, माल काढायचा, पॅक करायचा. सोलापूर रस्त्याकडचा टेम्पो अकराला निघतो. दीड तासात जेवढं बसतं तेवढं जातं, उरलेलं उद्या. "म्हणजे सकाळी आठला ओरडलेल्या माणसाला माल दुसऱ्या दिवशी दुपारी," काका म्हणाले. "तो दुसरा दुकानदार शोधणार नाही तर काय."

"ग्राहकसेवेच्या दृष्टीने" या दोन शब्दांच्या मागे एवढं सगळं होतं.

पुढे "विलंबाने येणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल". कारवाई म्हणजे काय? सध्याची पद्धत अशी की दहा मिनिटांची सवलत, त्यानंतर उशिराची खूण, आणि महिन्यात तीन खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाची रजा. हेच राहणार की नवीन काही? कुणालाच माहीत नाही. परवा जेवणाच्या टेबलावर जे प्रश्न आले होते ते सगळे याच क्रियापदांच्या पोकळीतून आले होते. मी समजत होते की साहेबांना ठरलेली गोष्ट रुक्ष शब्दांत सांगायची सवय आहे. प्रत्यक्षात निम्म्या गोष्टी ठरल्याच नव्हत्या, आणि "करण्यात येईल" त्यांच्यावर पांघरूण घालून बसलं होतं.

साहेबांसाठी प्रश्नांची चिठ्ठी केली. सोमवारी बकरी ईदची सुट्टी आहे, म्हणजे मंगळवारीच भेट.

१८ जून, मंगळवार

साहेबांबरोबर वीस मिनिटं बसले. आधी जरा चिडले. "ईमेल लिहायला सांगितलं, तू चौकशी समिती बसवलीस." पण नंतर एकेक प्रश्न सोडवत गेले.

शनिवार : सध्या साडेनऊ ते दीड, आता साडेआठ ते साडेबारा. एकूण तास तेवढेच. हे वाक्य पत्रात हवंच हवं, कारण "वेळ बदलली" ऐकलं की "तास वाढले" असंच पहिलं मनात येतं.

जेवण : याचा त्यांनी विचारच केला नव्हता. "दीडला आहे तसंच ठेव," म्हणाले. मी बोटांवर मोजून दाखवलं. साडेआठ ते दीड, सलग पाच तास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात सध्या, २०२४ मध्ये, सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते. दीडला सुट्टी म्हणजे अगदी कडेवर, आणि गोदामातला माणूस गाडी रिकामी करताना पाच-दहा मिनिटं पुढे गेला की ओलांडलीच. कायदा बाजूला ठेवला तरी साडेसातला घरून चहा पिऊन निघालेला माणूस दीडपर्यंत कसा थांबेल? साडेबारा ठरलं.

उशीर : पद्धत जुनीच. पहिले दोन आठवडे खूण लावायची नाही, हे मी सुचवलं. ते म्हणाले, "लिहिलंस तर सगळे नऊला येतील." मी म्हटलं, नाही लिहिलं आणि पहिल्याच आठवड्यात दहाजणांच्या खुणा लागल्या तर भांडणं माझ्या टेबलावर येतील. मान्य केलं.

ताईंच्या बसचा प्रश्न शेवटी काढला, मुद्दाम. साहेब बराच वेळ पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, टेम्पो अडतो तो गोदाम आणि बिलिंगवर. बाकीच्यांपैकी ज्यांची खरी अडचण आहे त्यांनी नऊ ते साडेपाच यावं. "पण अर्ज-बिर्ज मागवू नकोस, मग मला प्रत्येकाची खरी अडचण कोणती ते ठरवत बसावं लागेल."

हा निर्णय त्या कागदात नव्हता. कागद तसाच गेला असता तर झालाही नसता.

२० जून, गुरुवार

आजचा सगळा दिवस एका शब्दावर गेला, बाकीची कामं सांभाळून. शब्द : *आपण*.

मराठीत "आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. आणि तोच "आपण" समोरच्याला मान द्यायलाही वापरतात : "आपण बसावे". परिपत्रकांना हा दुसरा फार आवडतो. मी पहिला वापरायचा ठरवला आणि लिहिलं : "आपण आपल्या कामाची वेळ बदलायचं ठरवलं आहे."

वाचल्यावर खटकलं. आपण कुठे ठरवलं? गोदामाच्या काकांनी मागितलं, साहेबांनी ठरवलं, बाकी अडतीस जणांना कळवलं जातंय. इथला "आपण" म्हणजे परवाच्या हसऱ्या चेहऱ्याचाच भाऊ. मग उलटं केलं : "आम्ही वेळ बदलत आहोत." हे व्यवस्थापनाचं. यात मी कोण? मलाही साडेआठलाच यायचंय. मी "आम्ही"त बसत नाही.

शेवटी वाटणी केली. ठरवलं त्या वाक्यात "साहेबांनी", स्वच्छ. येणं, जाणं, फोन उचलणं, माल पाठवणं या वाक्यांत "आपण", कारण ते खरोखर सगळे मिळून करतो. विचारायला, कळवायला "मी". कारण शंका आली तर लोक माझ्याकडेच येणार आहेत, "संबंधित विभागा"कडे नाही. एवढी वाटणी केल्यावर पत्राचा आवाज आपोआप खाली आला. गोड शब्द एकही टाकावा लागला नाही.

"कृपया" काढला. एकमेकांशी बोलताना आपण "कृपया" म्हणत नाही. "जरा", "तेवढं", "सांगाल का" असं काहीतरी म्हणतो. पत्रात "कृपया" आला की मागून दंडुका येतोय असंच वाटतं. "करावे, यावे, घ्यावी" हे सगळेही गेले. त्यांच्या जागी शक्य तिथे साधा भविष्यकाळ : ऑफिस साडेआठला उघडेल. ही हकिगत आहे. दार उघडेल म्हटल्यावर माणसाने यायचंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

साहेबांची एक अट आहे. "उघडेल" चालेल, "आपलं ऑफिस" चालेल, पण "सांगितलंय", "ठेवलंय" नको. पत्रात ते फारच गप्पा मारल्यासारखं दिसतं म्हणतात. मान्य. "सांगितलं आहे" लिहिते. बोलण्यातलं सगळंच कागदावर शोभत नाही, हेही खरं.

२१ जून, शुक्रवार

मसुदा छापून गोदामात नेला. काकांनी पहिली ओळ वाचली आणि कागद परत दिला.

"पोरी, एक जुलै? पालखी कधी आहे बघितलीस का?"

नव्हती बघितली. साहेबांनीही नाही. ३० जूनला रविवारी माऊलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात येणार, सोमवारी मुक्काम आणि मंगळवारी, २ जुलैला, दोन्ही पालख्या हडपसरवरून पुढे जाणार. माऊलींची दिवे घाटातून सासवडला, तुकोबांची लोणी काळभोरला. त्या दिवशी पहाटेपासून सोलापूर रस्ता वाहनांना बंद. आमचा टेम्पो त्या दिवशी निघत नाही. गोदामातले तिघेजण तर दरवर्षी हडपसरपर्यंत वारीबरोबर चालत जातात. नव्या वेळेच्या दुसऱ्याच दिवशी अर्धं ऑफिस येऊ शकणार नाही.

परिपत्रकातला "दि. ०१/०७/२०२४" कॅलेंडरच्या महिन्यावरून आला होता, इथल्या रस्त्यावरून नाही. साहेबांना फोन केला. ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "आठ कर." सोमवार, ८ जुलै.

२४ जून, सोमवार

गेटवरच्या मामांना पत्र वाचून दाखवलं. ते ईमेल बघत नाहीत, पण कान पक्का आहे. वाचताना मी जिथे अडखळले तिथे वाक्य लांब होतं, तेवढ्या दोन जागा तोडल्या. संपल्यावर त्यांना पत्र आवडलं का ते विचारलं नाही. विचारलं, "मामा, आठ तारखेला आपण किती वाजता यायचं? जेवण कधी? आणि वीस मिनिटं उशीर झाला तर?"

तिन्ही उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी विचारलं, "पण कुलूप कोण काढणार?"

सगळ्यांनी साडेआठला यायचं तर गेट उघडणाऱ्याने आधी यायला हवं. मामा आता सव्वानऊला येतात. म्हणजे सव्वाआठ ते सव्वापाच. आमच्या कागदात हे नव्हतं, माझ्या मसुद्यातही नव्हतं. २०२० मध्ये राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा मंत्रालयापासून बहुतेक सरकारी कार्यालयांत ९.४५ ते ६.१५ ही वेळ आली, पण शिपायांची वेळ त्यात वेगळी दिलेली होती : ९.३० ते ६.३०. इतक्या सरकारी कागदालाही कुलूप लक्षात होतं आणि मी बारा दिवस सहकाऱ्याचा आवाज शोधत बसले होते.

दुसरं काम विषयाच्या ओळीचं. माझ्या फोनवर "कार्यालयीन कामकाजाच्या वे…" एवढंच दिसत होतं. वेळ? वेतन? एकाने खरंच "वेतन" वाचलं असतं आणि धावत आला असता. आता विषयातच तारीख आणि वेळ, तारीख आधी. नुसती विषयाची ओळ दिसली आणि पत्र उघडलं नाही तरी निम्मं काम होतं.

आणि तारखेबरोबर वार. "येत्या सोमवारी" लिहायचं नाही. शुक्रवारी वाचणाऱ्याचा येता सोमवार आणि सोमवारी वाचणाऱ्याचा येता सोमवार वेगळा असतो. वेळ एकदा अक्षरांत, एकदा आकड्यांत. "साडेआठ" कानाला पक्का बसतो, "८.३०" डोळ्याला.

२६ जून, बुधवार

पाठवलं. गेलं ते असं :

> विषय : ८ जुलैपासून ऑफिस सकाळी ८.३० ते संध्याकाळी ५
>
> नमस्कार,
>
> सोमवार, ८ जुलैपासून आपलं ऑफिस सकाळी साडेआठला (८.३०) उघडेल आणि संध्याकाळी पाचला सुटेल. शनिवारी ८.३० ते १२.३०. कामाचे तास आहेत तेवढेच राहतील. जेवणाची सुट्टी दीडऐवजी साडेबाराला.
>
> हे साहेबांनी ठरवलं आहे. कारण असं, की कारखान्यांची पहिली पाळी सातला सुरू होते, त्यांचे फोन आठच्या सुमारास येतात आणि आपण ते साडेनऊला उचलतो. अकराच्या टेम्पोपर्यंत सगळा माल तयार होत नाही, उरलेला दुसऱ्या दिवशी जातो. तासभर आधी सुरुवात केली तर तो त्याच दिवशी जाईल.
>
> गोदाम आणि बिलिंगमध्ये साडेआठलाच यावं लागेल, कारण टेम्पो तिथेच अडतो. बाकीच्यांपैकी ज्यांना मुलांची शाळा, घरातलं आजारपण किंवा बस यामुळे जमणार नाही, त्यांना ९ ते ५.३० अशी वेळ घेता येईल. अर्ज नको, कारण सांगायलाही नको. ३ जुलैपर्यंत मला सांगा, म्हणजे हजेरीच्या मशीनमध्ये तुमची वेळ तशी लावून घेते.
>
> २० जुलैपर्यंत उशिराची खूण लागणार नाही. त्यानंतर नेहमीसारखंच : दहा मिनिटांची सवलत, महिन्यात तीन खुणा झाल्या तर अर्धा दिवस रजा.
>
> गेट सव्वाआठला उघडेल.
>
> एक गोष्ट अजून ठरायची आहे. मेसचे डबे सध्या एकला येतात. ते साडेबाराला येतील का हे विचारलं आहे. शुक्रवारपर्यंत सांगते.
>
> काही राहिलं असेल तर मला फोन करा किंवा टेबलापाशी या.

खाली माझं नाव. "आज्ञेवरून" नाही.

"सहकार्याबद्दल आभारी आहोत" हे शेवटचं वाक्य साहेबांनी टाकायला सांगितलं होतं. मी म्हटलं, अजून कुणी सहकार्य केलेलं नाही, आभार आधीच कसे? हसले आणि सोडून दिलं. पण "अजून ठरायची आहे" हे वाक्य काढ म्हणाले, अर्धवट वाटतं. त्यावर मी ठाम राहिले. डब्यांचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार होता. न लिहिता पाठवलं असतं तर त्यांना वाटलं असतं, यांच्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळपर्यंत सातजणांनी नऊ ते साडेपाच मागितले. ताईंचं उत्तर एका शब्दाचं : "घेतली." एका पोराने विचारलं, पाचला सुटल्यावर पुढच्या कोर्सला जाता येईल का. हा प्रश्न कागदावर कधीच आला नसता. तो परवानगी मागत नव्हता, त्याला फक्त सांगावंसं वाटलं. गोदामातून एकाने मात्र विचारलं की आम्हालाच पर्याय का नाही. पत्रात कारण होतं, पण कारण पटणं वेगळं. त्याच्याशी काका बोलले. मी ते पत्रात गोड करायचा प्रयत्न केला नाही, आणि तो नाराज आहे हेही इथे लिहून ठेवते.

१ जुलै, सोमवार

चूक झाली, माझ्याकडून.

साहेबांना परिपत्रकही हवंच होतं. उद्या कुणी "मला माहीत नव्हतं" म्हणालं तर सहीचा कागद लागतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. ईमेल बोलण्यासाठी, परिपत्रक दप्तरासाठी, असं आमचं ठरलं होतं. गुरुवारी गोदामाच्या फलकावर परिपत्रक लागलं. लावलं ते पहिल्या दिवशीचंच, जुन्या फाइलमधून छापलेलं. दि. ०१/०७/२०२४.

गोदामातले दोघे आज सव्वाआठला गेटवर येऊन उभे. कुलूप. पाऊस. मामा सव्वानऊला आले तेव्हा दोघे शेडखाली भिजलेले. ईमेल त्यांनी पाहिला नव्हता, फलक पाहिला होता, सहीही केली होती.

मला बोलले काही नाहीत. काका बोलले, आणि बरोबर बोलले : "तुझं पत्र आम्ही कुठे वाचतो? आमच्याकडे फलकच वाचतात." दोन आठवडे मी मजकूर घासत होते तो वरच्या मजल्यासाठी. ज्यांच्यासाठी वेळ बदलली त्यांच्यापर्यंत जुना कागदच पोचला.

दुपारी फलकावरचा कागद काढला. नवीन परिपत्रक दप्तराच्या भाषेतच, पण तारीख, जेवणाची सुट्टी आणि गेटची वेळ ईमेलशी अक्षरशः जुळवून. शेजारी ईमेलचा मजकूर मोठ्या अक्षरांत. आणि काकांना सांगून गोदामात सगळ्यांसमोर तो एकदा मोठ्याने वाचला. दोघांचा आजचा एक तास जास्तीचा म्हणून साहेबांनी लिहून घेतला.

८ जुलै, सोमवार

पहिला दिवस. साडेआठला अडतीसांपैकी एकतीस हजर, सात नऊवाले. पाऊस असूनही. आठ-चाळीसला बिलिंगमध्ये पहिला फोन वाजला आणि उचलणाऱ्याने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग फोनकडे. टेम्पो अकराला निघाला तेव्हा काकांनी सांगितलं, आज मागे दोनच खोकी राहिली. गेल्या सोमवारी नऊ होती. एक दिवसाचा हिशोब आहे, फार धरून बसायला नको.

हजेरीच्या मशीनमध्ये सुटायची वेळ सहाच राहिली होती. पाचला निघालेल्या सगळ्यांना "लवकर गेले" अशी खूण लागली. मशीनवाल्याला फोन केला, दुरुस्ती झाली, खुणा उद्या पुसल्या जातील. तीन ओळींचं पत्र पाठवलं : "मशीनने आज सगळ्यांना लवकर गेलेलं दाखवलं आहे. वेळ लावायची राहिली होती, चूक माझी. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त होईल, कुणाची रजा कापली जाणार नाही." हे लिहायला चार मिनिटं लागली. याच पत्रावर "तांत्रिक कारणास्तव झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" लिहायला मी महिन्यापूर्वी बसले असते तर तासभर लागला असता.

१० जुलै, बुधवार

डबे साडेबाराला यायला लागले. मेसवाल्या काकू म्हणाल्या, साडेबारा जमेल, पण भाकरी नाही, पोळीच. भाकरीला त्यांची बाई अकरानंतर येते. हे दोन ओळींत कळवलं. आतापर्यंतच्या सगळ्या पत्रांत याच पत्राला सर्वांत जास्त उत्तरं आली, आणि सगळी भाकरीच्या बाजूने.

उद्या काकूंना विचारते, बाई साडेदहाला येईल का.